क्रायो आणि फॅक्टर : हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनलेले औषध अधिक सुरक्षित कसे?

प्रश्न : माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, वजन २५ किलो, तीव्र हिमोफिलिया ए. मागच्या आठवड्यात त्याच्या गुडघ्यात रक्तस्राव झाला. सिन्नरच्या एका रुग्णालयात फॅक्टर नव्हते म्हणून क्रायोच्या सात पिशव्या दिल्या. नाशिकला आल्यावर डॉक्टर म्हणाले, मिळत असेल तर फॅक्टरच द्या, क्रायो नको. पण फॅक्टर हजारो लोकांच्या प्लाझ्मापासून बनते आणि क्रायो फक्त सात जणांचे. मग जास्त धोका कशात? आणि आम्ही घरातले बारा जण रक्तदान करायला तयार आहोत, तर आमच्याच प्लाझ्मापासून नाशिकमध्येच त्याच्यासाठी फॅक्टर बनवून मिळणार नाही का?

उत्तर :

मी नाशिकमध्ये रक्तसंक्रमण विभागात बरीच वर्षे काम करत आहे आणि हिमोफिलियाच्या मुलांचे नातेवाईक ही शंका मला वारंवार विचारतात. शंका अगदी रास्त आहे. १९८५ च्या आधी तुम्ही हाच हिशेब मांडला असता तर तो बरोबर ठरला असता. आज तो चुकतो, कारण मधल्या काळात बदल दात्यांच्या संख्येत झाला नाही, प्लाझ्मा गोळा केल्यानंतर त्यावर होणाऱ्या प्रक्रियेत झाला. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिन्नरच्या डॉक्टरांनी योग्यच केले. सांध्यातला रक्तस्राव लवकर थांबवला नाही तर सांधा कायमचा खराब होतो, म्हणून फॅक्टर हाताशी नसताना त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा मिळेल ते क्रायो तातडीने देणे हिताचे असते. पुढचे सगळे विवेचन दोन्ही उपलब्ध असतील तेव्हा निवड कशी करावी, यासाठी आहे.

सुरुवात क्रायोपासून करू, कारण ते इथल्याच रक्तपेढीत बनते. रक्तदान झाल्यावर पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतात. ३५० मिलिलिटरच्या पिशवीतून साधारण १७० ते १८० मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो. हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारे जे प्रथिन कमी पडते, ते फॅक्टर आठ नाजूक असल्यामुळे हा प्लाझ्मा रक्तदानानंतर सहा ते आठ तासांच्या आत गोठवून उणे ३० अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावा लागतो. सुरगाणा किंवा पेठ भागातले शिबिर उशिरापर्यंत चालले आणि पिशव्या रात्री नाशिकला पोहोचल्या, तर तो प्लाझ्मा वाया जात नाही, पण क्रायो किंवा फॅक्टर आठ बनवण्यासाठी तो वापरता येत नाही; अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन ही प्रथिने टिकाऊ असल्याने त्यांच्यासाठी मात्र तो चालतो.

गोठवलेला प्लाझ्मा चार अंशांवर सावकाश वितळू दिला की बहुतेक भाग पातळ होतो, पण थंडीत न विरघळणारा थोडा पांढरट साका तळाशी राहतो. त्या साक्यात फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर तेरा ही रक्त गोठायला मदत करणारी प्रथिने एकवटलेली असतात. हे निरीक्षण अमेरिकेतल्या डॉ. ज्युडिथ पूल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात केले आणि त्यावरून साध्या रक्तपेढीतही हिमोफिलियावरचा उपचार तयार होऊ लागला. आम्ही पिशवी रात्रभर चार अंशांच्या शीतकपाटात ठेवतो, आत अजून थोडा बर्फाचा चुरा शिल्लक असतानाच थंड सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवतो, वरचा प्लाझ्मा जोडपिशवीत काढून घेतो आणि तळाचा १५ ते २० मिलिलिटर साका तासाभरात पुन्हा गोठवतो. हेच क्रायो. यात वेळेचा आणि तापमानाचा अंदाज चुकला की नुकसान होते : पिशवी जास्त गरम झाली तर साका पुन्हा विरघळून वरच्या प्लाझ्मात निघून जातो आणि खाली उरलेल्या पिशवीवर क्रायोचे लेबल असले तरी आत औषध नसते.

शीतपेटीची वीज गेल्याने पिशवी मध्येच वितळून पुन्हा गोठली असेल तर तेही ओळखता आले पाहिजे. त्यासाठी जुन्या तंत्रज्ञांनी शिकवलेली एक युक्ती आम्ही अजून वापरतो. प्लाझ्मा गोठवताना पिशवीच्या मध्यावर रबर बँड लावतात आणि गोठल्यावर तो काढून टाकतात. पिशवीला पडलेली कंबर जशीच्या तशी दिसली तर ती वितळलेली नाही आणि कंबर नाहीशी झाली असेल तर ती पिशवी क्रायोसाठी घ्यायची नाही.

आता तुमच्या भाच्याचा हिशेब पाहू. फॅक्टर आठचे एक युनिट प्रतिकिलो दिले की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. गुडघ्यातल्या रक्तस्रावासाठी पातळी ४० टक्क्यांपर्यंत न्यायची असे धरले, तर २५ किलो गुणिले ४० भागिले दोन, म्हणजे ५०० युनिटे लागतात. क्रायोच्या एका पिशवीत किमान ८० युनिटे अपेक्षित असतात, त्यामुळे सहापेक्षा थोड्या जास्त, म्हणजे सात पिशव्या. सिन्नरला सात पिशव्या का दिल्या, ते यावरून लक्षात येईल.

मात्र हे ८० युनिट गुणवत्ता तपासण्यासाठी ठरवलेले प्रमाण आहे, तुमच्या हातातल्या पिशवीवर लिहिलेला आकडा नव्हे. प्रत्यक्षात एका पिशवीत ६० आणि दुसरीत १२० युनिटे असू शकतात. ओ गटाच्या दात्यांत फॅक्टर आठचे प्रमाण इतरांपेक्षा मुळातच सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते, आणि गोठवायला लागलेल्या वेळेनुसारही फरक पडतो. गुडघ्याच्या बाबतीत एवढी अनिश्चितता चालून जाते. पण हेच मूल डोक्यावर पडले आणि पातळी तातडीने १०० टक्क्यांपर्यंत न्यायची वेळ आली, तर १२५० युनिटे लागतील, म्हणजे क्रायोच्या सोळा पिशव्या; त्या वितळवायच्या, एकत्र करायच्या आणि शरीरातले फॅक्टर ८ ते १२ तासांत निम्मे होत असल्यामुळे तेवढ्याच अंतराने पुन्हा द्यायच्या, तेही आत नक्की किती औषध आहे हे माहीत नसताना. फॅक्टरच्या कुपीवर मात्र मोजून लिहिलेला आकडा असतो आणि ती थोड्या पाण्यात विरघळवून काही मिनिटांत शिरेतून देता येते.

आता संसर्गाच्या धोक्याकडे वळू. क्रायोची सुरक्षितता दात्याची निवड आणि रक्ताची तपासणी या दोनच गोष्टींवर उभी असते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण नुकताच संसर्ग झालेल्या दात्याच्या रक्तात काही दिवस विषाणू असूनही तपासणीत दिसत नाही; या काळाला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. न्यूक्लिक ॲसिड चाचणीने तो कमी होतो, शून्य होत नाही, आणि ही चाचणी सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. त्यानंतर क्रायोवर विषाणू मारणारी कोणतीही प्रक्रिया आपल्याकडच्या रक्तपेढीत केली जात नाही. उष्णता दिली तर फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन दोन्ही बिघडतात, आणि रसायन घातले तर ते नंतर पूर्णपणे काढून टाकण्याची सोय रक्तपेढीत नसते. एका वेळचा सात दात्यांचा धोका लहान आहे, हे मान्य. पण तुमच्या भाच्याला वर्षभरात वीस वेळा क्रायो द्यावे लागले तर दाते १४० होतात आणि तो धोका आयुष्यभर साचत जातो.

कारखान्यात फॅक्टर बनवताना पहिली पायरी क्रायोचीच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. हजारो पिशव्या एका मोठ्या टाकीत थंडपणे वितळवतात, साका वेगळा करतात आणि तिथून पुढे आपल्या रक्तपेढीत न होणारी कामे सुरू होतात. साका विरघळवून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने काही नको असलेली प्रथिने काढतात. मग त्यात सॉल्व्हंट आणि डिटर्जंट ही दोन रसायने मिसळून काही तास ठेवतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिन्ही विषाणूंना बाहेरून स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. या रसायनांनी ते फाटते आणि विषाणू निकामी होतो, फॅक्टर आठला मात्र इजा होत नाही. नंतर ते द्रावण क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडतात. स्तंभात फॅक्टर आठ अडकून राहते, रसायने आणि इतर प्रथिने धुऊन जातात, मग फॅक्टर सोडवून घेऊन, गाळून, कुपीत भरून शीतशुष्क करतात. काही उत्पादनांत कोरडी कुपी ८० अंशांवर ७२ तास तापवतात, काहींत अतिसूक्ष्म गाळणीतून द्रावण गाळतात.

टाकीत हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र आला की त्यात एखादी दूषित पिशवी येण्याची शक्यता सात पिशव्यांपेक्षा अर्थातच जास्त असते, इथपर्यंत तुमचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच विषाणू मारण्याची प्रक्रिया नव्हती त्या काळात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिका आणि युरोपातले हिमोफिलियाचे हजारो रुग्ण फॅक्टरमुळे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीने बाधित झाले, आणि तेव्हा क्रायोवर असलेले रुग्ण तुलनेने सुरक्षित राहिले. मला या बाबतीत सर्वांत पटणारा पुरावा अल्ब्युमिनचा वाटतो. त्याच काळात, तशाच एकत्रित प्लाझ्मापासून बनलेले अल्ब्युमिन जगभर लाखो रुग्णांना दिले जात होते आणि त्यातून हा संसर्ग पसरला नाही, कारण अल्ब्युमिनच्या बाटल्या १९४० च्या दशकापासूनच ६० अंशांवर दहा तास तापवल्या जातात. दात्यांची संख्या दोन्हीकडे मोठी होती. फरक त्या दहा तासांचा होता. १९८५ च्या सुमारास फॅक्टरलाही उष्णतेची आणि सॉल्व्हंट-डिटर्जंटची प्रक्रिया मिळाली आणि चित्र उलटले.

ही प्रक्रिया सर्वशक्तिमान आहे असे मात्र समजू नये. हिपॅटायटिस ए आणि पार्व्होव्हायरस बी-१९ यांना स्निग्ध आवरण नसते, म्हणून सॉल्व्हंट-डिटर्जंटचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत अशाच फॅक्टरमधून हिपॅटायटिस ए पसरल्याची नोंद आहे. यासाठीच आता दोन वेगळ्या तत्त्वांच्या प्रक्रिया एकामागून एक करण्यावर भर असतो. तुमच्या भाच्याला हिपॅटायटिस ए आणि बी या दोन्हींच्या लसी झाल्या आहेत का, ते आजच तपासा. त्या देताना स्नायूत न देता त्वचेखाली द्याव्यात आणि जागा काही मिनिटे दाबून धरावी.

आता घरच्या बारा जणांच्या प्लाझ्माबद्दल. प्रत्येकाचा १७५ मिलिलिटर धरला तर २.१ लिटर होतो. इतक्या टप्प्यांतून जाताना बराच फॅक्टर वाया जातो आणि कारखान्यात एका लिटर प्लाझ्मापासून शेवटी साधारण १५० ते २०० युनिटे हाती लागतात. म्हणजे बाराही जणांचे मिळून ३०० ते ४०० युनिटे, भाच्याच्या एका मात्रेपेक्षाही कमी. पुरुषाने तीन महिन्यांनी आणि स्त्रीने चार महिन्यांनी रक्तदान करता येते. सगळ्यांनी वर्षातून चार वेळा रक्त दिले असे उदारपणे धरले तरी वर्षाला १२०० ते १७०० युनिटे होतील. रक्तस्राव होऊच नये म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी प्रतिकिलो दहा युनिटे आठवड्यातून दोनदा देतात, तशी अल्प मात्रा तुमच्या भाच्याला सुरू केली तरी आठवड्याला ५०० आणि वर्षाला २६,००० युनिटे लागतील. एका कुटुंबाच्या रक्तदानातून ही गरज कधीच भागणार नाही. शिवाय टाक्या, स्तंभ, शीतशुष्कीकरणाची यंत्रे आणि प्रत्येक तुकडीची तपासणी हे सगळे हजारो लिटरच्या हिशेबाने उभारलेले असते. दोन लिटरसाठी ते चालवताच येत नाही, आणि कायद्यानेही हे काम रक्तपेढीच्या परवान्यात बसत नाही, त्याला औषधनिर्मितीचा वेगळा परवाना लागतो.

याचा अर्थ नाशिकचा प्लाझ्मा इथेच संपतो असे नाही. २०१४ च्या राष्ट्रीय प्लाझ्मा धोरणानंतर रक्तपेढ्यांना रुग्णांची गरज भागवून उरलेला प्लाझ्मा परवानाधारक कारखान्यांना देता येतो, आणि गोठवलेल्या पिशव्या थंड गाड्यांतून नवी मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद अशा ठिकाणी जातात. तिथे साका काढून घेतल्यावर उरलेला प्लाझ्मा टाकून दिला जात नाही. दुधात लिंबू पिळले की पाणी वेगळे होऊन छेना हाती येतो, तसे प्लाझ्मात थंड अल्कोहोल टप्प्याटप्प्याने वाढवत आणि आम्लता बदलत गेले की एकेक प्रथिन खाली बसते. अमेरिकेत एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत बसवली. आधी फायब्रिनोजेन बसते, अल्कोहोल २५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर इम्युनोग्लोब्युलिन, आणि सर्वांत शेवटी, ४० टक्के अल्कोहोल व अधिक आम्लतेवर, अल्ब्युमिन. एका लिटरपासून साधारण २५ ग्रॅम अल्ब्युमिन आणि चार ग्रॅमच्या आसपास इम्युनोग्लोब्युलिन मिळते. तुमच्या भाच्याची ५०० युनिटांची एक कुपी बनवायला लागणाऱ्या तीन लिटरांतूनच यकृताच्या एखाद्या रुग्णासाठी २० टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या निघतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळाला देता येईल असे बारा ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिनही निघते. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाबतीत तर अनेक दाते असणे हाच गुण असतो, कारण हजारो माणसांनी आयुष्यात वेगवेगळ्या जंतूंशी लढून मिळवलेली प्रतिपिंडे एकाच बाटलीत येतात. म्हणून तुम्ही बारा जणांनी रक्तदान जरूर करावे. ते भाच्याच्या नावाने राखून ठेवता येणार नाही, इतकेच. तुम्हाला स्वतःला हिमोफिलिया नसेल तर मामा म्हणून तुमच्या प्लाझ्मातले फॅक्टर आठ इतरांसारखेच असते. भाच्याच्या आईच्या बाबतीत मात्र ती वाहक असण्याची शक्यता मोठी आहे आणि वाहक स्त्रियांत ही पातळी सरासरी निम्मी असते, म्हणून तिने आधी स्वतःची फॅक्टर चाचणी करून घ्यावी; कोणतीही शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल तेव्हा ती माहिती तिच्याच उपयोगाची आहे.

क्रायो आज कालबाह्य झाले आहे असा अर्थ काढू नये. बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावात फायब्रिनोजेन झपाट्याने घसरते, तेव्हा रक्तपेढीतून मागवल्या जाणाऱ्या आठ-दहा क्रायोच्या पिशव्या आजही जीव वाचवतात, आणि इथले बहुतेक क्रायो त्यासाठीच खर्च होते. हिमोफिलिया बी असलेल्या मुलाला मात्र क्रायोचा काहीही उपयोग नाही, कारण फॅक्टर नऊ साक्यात येत नाही, वरच्या प्लाझ्मातच राहते. गडबडीत हा फरक विसरला जाऊ शकतो, म्हणून निदानाच्या अहवालाची एक प्रत मुलाच्या दप्तरात असू द्या.

पुढे काय करावे, हे थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही सिन्नरला राहत असाल तर आधी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या हिमोफिलिया केंद्रात मुलाची नोंद करा आणि घरी ठेवण्यासाठी एक-दोन कुप्या मिळू शकतील का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. कुपी शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांवर ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. प्लाझ्मापासून न बनवलेले रिकॉम्बिनंट फॅक्टर आणि त्वचेखाली द्यायचे एमिसिझुमॅब हे औषधही आता आहे; ते त्याला योग्य आहे का आणि मिळू शकते का, हे त्याचे डॉक्टर ठरवतील. कोणत्याही उत्पादनानंतर रक्तस्राव नेहमीसारखा थांबला नाही, तर आणखी कुप्या देत राहण्याआधी इन्हिबिटरची चाचणी मागा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या साधारण चारपैकी एका मुलात शरीर फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि मग नेहमीची मात्रा निष्फळ ठरते.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, कोणता सांधा, किती युनिटे आणि कुपीवरचा तुकडी क्रमांक लिहा. क्रायो दिले असेल तर प्रत्येक पिशवीचा क्रमांक लिहा. नंतर एखाद्या दात्यात संसर्ग आढळला किंवा एखादी तुकडी परत मागवली गेली, तर मुलाची चाचणी कोणत्या दिवसापासून मोजून करायची हे त्या क्रमांकांवरूनच कळते. सिन्नरच्या सात पिशव्यांचे क्रमांक तुमच्याकडे नसतील तर त्या रुग्णालयाच्या नोंदीतून ते आत्ताच मागून घ्या.